कंसातला आकडा: प्रयोगाच्या अहवालात संदर्भ कसे द्यावेत

शाळेतल्या प्रयोगाच्या अहवालात दोन प्रकारची माहिती शेजारी शेजारी असते. एक विद्यार्थ्याने स्वतः मोजलेली आणि दुसरी कुठून तरी घेतलेली. घड्याळ लावून नोंदवलेले सेकंद पहिल्या प्रकारात येतात. सूत्र, प्रमाण मूल्य, एखादी आकृती, ‘कोन लहान ठेवावा’ ही सूचना दुसऱ्या प्रकारात. कागदावर दोन्ही एकाच शाईत उतरतात आणि वाचणाऱ्याला फरक कळत नाही. घेतलेल्या माहितीच्या शेजारी चौकटी कंसात लिहिलेला लहानसा आकडा हा फरक दाखवतो. तोच आकडा अहवालाच्या शेवटी असलेल्या संदर्भसूचीत असतो आणि त्याच्यापुढे ती माहिती ज्या पुस्तकातून किंवा पानावरून घेतली त्याचा पूर्ण पत्ता असतो.

ही पद्धत शाळांसाठी तयार झालेली नाही. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक छोटा गट कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमला. आपल्याकडे येणारे लेख एकाच धर्तीचे असावेत म्हणून त्यांनी नियम ठरवले आणि पुढच्या वर्षी ते छापले. मजकुरात आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने सूची ही रीत त्यामुळे ‘व्हँकुव्हर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. विद्युत अभियंत्यांच्या नियतकालिकांत असेच आकडे चौकटी कंसात येतात. मजकुरात लेखकाचे आडनाव आणि वर्ष लिहिण्याची दुसरी पद्धतही सर्वत्र चालते, पण शालेय अहवालाला आकड्यांची पद्धत अधिक सोयीची. शाळेतले बरेचसे स्रोत पाठ्यपुस्तक, प्रात्यक्षिकाचे पत्रक, एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ असे असतात. त्यांना एक लेखक नसतो, आणि दर वाक्यानंतर मंडळाचे लांबलचक नाव कंसात लिहिले तर वाक्य वाचवत नाही.

ही पद्धत नीट कळण्यासाठी साध्या लंबकाचा प्रयोग घेता येईल. दोऱ्याला लोखंडी गोळा टांगून त्याचा दोलनकाल मोजायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे g, काढायचे. समजा दोऱ्याच्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर १ मीटर आहे आणि २० दोलनांना ४०.२ सेकंद लागले. म्हणजे एका दोलनाला २.०१ सेकंद. T = 2π√(L/g) या सूत्रात ही मूल्ये घातली की g चे मूल्य ९.७७ मी/से² येते. इथवर सूत्र सोडून सगळे विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे.

यानंतर अहवालात जवळजवळ नेहमी एक वाक्य येते: ‘g चे प्रमाण मूल्य ९.८ मी/से² असून शेकडा त्रुटी ०.३ आहे.’ हे ९.८ कुठून आले, याला किमान तीन उत्तरे संभवतात. शालेय पुस्तकांत गणितासाठी सोयीचे म्हणून ९.८ वापरतात. १९०१ मध्ये वजन-मापांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेले प्रमाण मूल्य ९.८०६६५ आहे. प्रत्यक्षात मात्र g जागेनुसार बदलते. महाराष्ट्राच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकातच ते विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३२ असल्याचे दिलेले आहे. अक्षांशावरून g काढण्याचे जे सूत्र भूमापनात वापरतात, त्यात मुंबईचे १९ अंश घातले तर समुद्रसपाटीला सुमारे ९.७८६ येते.

आता प्रयोगातले ९.७७ या तिन्हींशी ताडून पाहिले तर त्रुटी ९.८ धरून ०.३१ टक्के, ९.८०६६५ धरून ०.३७ टक्के आणि मुंबईचे मूल्य धरून ०.१६ टक्के निघते. मोजमाप एकच, दोराही तोच; बदलला तो फक्त तुलनेचा आकडा, आणि त्रुटी निम्म्याहून कमी झाली. स्टॉपवॉच हाताने दाबताना ४० सेकंदांत ०.१ सेकंदाचा फरक सहज पडतो आणि त्याने g मध्ये सुमारे ०.५ टक्के फरक येतो, त्यामुळे या प्रयोगापुरती तिन्ही मूल्ये मोजमापाच्या मर्यादेत बसतात. पण वाचणाऱ्याला हे ठरवता यावे, यासाठी विद्यार्थ्याने कोणता आकडा कुठून घेतला हे त्याला आधी कळले पाहिजे. ‘प्रमाण मूल्य ९.८’ एवढेच लिहिलेले असेल तर त्रुटीचा आकडा तपासायला हातात काहीच उरत नाही.

म्हणून वाक्य असे होते: ‘प्रयोगातून g चे मूल्य ९.७७ मी/से² आले. आंतरराष्ट्रीय प्रमाण मूल्य ९.८०६६५ मी/से² [३] आहे.’ इथे आकड्याची जागा महत्त्वाची आहे. [३] वाक्याच्या अगदी शेवटी, पूर्णविरामाच्या आधी, लिहिला असता तर दोन्ही मूल्ये तिसऱ्या स्रोतातून आली, असा अर्थ निघू शकला असता. जी गोष्ट घेतली आहे तिच्या लगत कंस आला की आपले आणि दुसऱ्याचे यांची सीमा स्पष्ट होते. संपूर्ण वाक्यच घेतलेले असेल तेव्हा मात्र कंस शेवटी, पूर्णविरामाच्या आधी, ठीक. परिच्छेदाच्या शेवटी एकच आकडा टाकून वरच्या सहा वाक्यांचे संदर्भ उरकण्याची सवय टाळावी. त्या सहांतले कोणते वाक्य विद्यार्थ्याचे स्वतःचे, हे त्यातून कळत नाही.

चौकटी कंस का, तेही या प्रयोगातून लगेच दिसते. अनेक छापील पुस्तकांत संदर्भाचा आकडा ओळीच्या वर, लहान अक्षरात असतो. इतिहासाच्या निबंधात ते शोभते. पण ‘मी/से²’च्या पुढे वर लहानसा ३ लिहिला तर तो घातांक वाटतो, आणि रसायनशास्त्रात आयनाच्या चिन्हाशेजारी तो विद्युतभाराचा आकडा वाटू शकतो. साधे गोल कंसही अडचणीचे ठरतात, कारण समीकरणांचे क्रमांक बहुधा गोल कंसात देतात. ‘(२) वरून’ असे लिहिले तर दुसरे समीकरण की दुसरा स्रोत, हा प्रश्न उरतो. विज्ञानाच्या अहवालात समीकरणांना गोल कंस आणि संदर्भांना चौकटी कंस ही वाटणी सगळ्यात सुरक्षित. आकडे देवनागरी असोत की इंग्रजी, मजकुरात आणि सूचीत एकाच लिपीतले असावेत.

आकडे कोणत्या क्रमाने द्यायचे, याचा नियम एकच: अहवालात जो स्रोत पहिल्यांदा येतो त्याला १, त्यानंतर पहिल्यांदा येणाऱ्या नव्या स्रोताला २. एकदा मिळालेला आकडा त्या स्रोताला शेवटपर्यंत राहतो. लंबकाच्या अहवालात ‘कृती’ हा भाग शाळेने दिलेल्या प्रात्यक्षिकाच्या पत्रकावर आधारलेला असेल तर ते [१]. ‘तत्त्व’ या भागातले सूत्र पाठ्यपुस्तकातून घेतले असेल आणि तो भाग कृतीच्या आधी लिहिला असेल तर मात्र पाठ्यपुस्तक [१] होते आणि पत्रक [२]. पुढे निष्कर्षात पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे यावे लागले तर तिथेही [१]च लिहायचे. नवा आकडा द्यायचा नाही. त्यामुळे सूची मुळाक्षरांनुसार लागत नाही, अहवालात स्रोत ज्या क्रमाने भेटतात त्या क्रमाने लागते. सूची शेवटी ‘नीट’ करण्यासाठी अकारविल्हे लावली आणि मजकुरातले आकडे तसेच राहिले, तर प्रत्येक कंस चुकीच्या पुस्तकाकडे बोट दाखवतो.

एकाच पुस्तकाच्या दोन वेगळ्या पानांचा आधार घेतलेला असेल तर पुस्तकाला दोन आकडे देण्याची गरज नसते. कंसातच पान लिहिता येते: [१, पृ. ८]. एका विधानाला दोन स्रोतांचा आधार असेल तर [१, ३]. मात्र एका साध्या सूत्राला चार स्रोत जोडण्याने त्याचे वजन वाढत नाही. प्रत्यक्ष ज्या एका ठिकाणाहून ते उतरवले तेवढे पुरे.

संदर्भ कशाला द्यायचा, हा प्रश्न विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त अडवतो. लंबकाच्या अहवालात आकडा मागणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. दोलनकालाचे सूत्र ही एक. कृतीचे टप्पे पत्रकातून घेतलेले असतील तर तिथे एकदा. कोनाबद्दलची सूचनाही त्यातच येते. लंबक १० अंशांपेक्षा कमी कोनातून सोडावा, कारण सूत्र लहान कोनापुरतेच जवळजवळ अचूक आहे आणि १० अंशांना दोलनकाल सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो, हे विद्यार्थ्याने मोजलेले नसते, वाचलेले असते. तुलनेसाठी घेतलेले g चे मूल्य ही आणखी एक जागा. मांडणीची आकृती पुस्तकातून उतरवली असेल तर आकृतीखालच्या ओळीत ‘[१] मधील आकृतीवरून’ असे लिहावे लागते. आकृती स्वतः पाहून काढली असेल तर काहीच नको.

स्वतःच्या वाचनांना, स्वतः काढलेल्या आलेखाला, स्वतः केलेल्या गणिताला संदर्भ नसतो. एक मीटर म्हणजे शंभर सेंटिमीटर किंवा सरासरी कशी काढतात, अशा वर्गात सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींनाही नको. मधली एक जागा मात्र नीट पाहावी लागते. विद्यार्थ्याने भूमापनाचे सूत्र एका पानावरून घेतले आणि त्यात मुंबईचा अक्षांश स्वतः घालून ९.७८६ काढले. इथे आकडा सूत्राला लागतो, उत्तराला नाही. ‘[४] मधील सूत्रात १९ अंश अक्षांश घालून ९.७८६ मी/से² मिळते’ असे लिहिले की कोणता भाग उसना आणि कोणता स्वतःचा, ते एका वाक्यात दिसते. हेच मूल्य एखाद्या पानावर तयार मिळाले असेल तर संदर्भ मूल्याला द्यायचा.

विद्यार्थ्याने एका पुस्तकात दुसऱ्याच कोणाचे काम वाचलेले असते, तेव्हा हमखास गोंधळ होतो. g जागेनुसार बदलते हे लिहिताना झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचा उल्लेख करण्याचा मोह होतो, आणि तो चांगलाही आहे. रिशे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला. पॅरिसमध्ये बरोबर लावलेले त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि त्याला लंबक आखूड करावा लागला. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’त या निरीक्षणाचा उपयोग केला. विद्यार्थ्याने हे सारे वाचले ते एखाद्या मराठी विज्ञानपुस्तकात; ना रिशेचा मूळ वृत्तांत पाहिला, ना ‘प्रिन्सिपिया’. तेव्हा सूचीत त्या मराठी पुस्तकाची नोंद हवी. मूळ लॅटिन ग्रंथाचे नाव सूचीत घातले तर अहवाल भारदस्त दिसतो, पण ते खोटे आहे: जो ग्रंथ हातातच घेतला नाही त्याचा पत्ता देणे म्हणजे वाचणाऱ्याला चुकीच्या दाराशी पाठवणे. मराठी पुस्तकात चूक असेल तर ती कुठून आली हेही मग कोणाला शोधता येणार नाही.

सूचीतल्या नोंदीत काय हवे, ते वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले की आपोआप ठरते. दुसऱ्या कोणाला नेमके तेच पुस्तक, तीच आवृत्ती आणि शक्यतो तेच पान सापडावे एवढे त्यात असावे. पाठ्यपुस्तकाची नोंद अशी होईल:

[१] महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १, इयत्ता दहावी. पुणे, प्रथमावृत्ती २०१८. प्रकरण १, गुरुत्वाकर्षण.

लेखक किंवा संस्था, पुस्तकाचे नाव, गाव व प्रकाशक, वर्ष आणि आतली जागा असा हा क्रम आहे. इथे लेखक आणि प्रकाशक एकच संस्था असल्याने तिचे नाव दोनदा लिहिलेले नाही. ही माहिती मुखपृष्ठावर अर्धवट असते. आतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, जिथे प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष छापलेले असते, तिथे ती पूर्ण मिळते. पुनर्मुद्रणात पानांचे क्रमांक सहसा तेच राहतात, पण नवी आवृत्ती आली की प्रकरणेही सरकतात. म्हणून वर्षाशिवायचा पान क्रमांक फारसा कामाचा नाही.

शाळेने वाटलेल्या पत्रकाला बहुधा लेखकाचे नाव नसते आणि ते कुठल्या दुकानात मिळत नाही. तरी त्याची नोंद करता येते: विभागाचे नाव, पत्रकाचे शीर्षक, शाळा व गाव आणि शैक्षणिक वर्ष. शिक्षकांनी तोंडी सांगितलेल्या गोष्टीला सूचीत जागा द्यायची गरज नसते. मजकुरातच ‘शिक्षकांच्या सूचनेनुसार २० दोलने मोजली’ एवढे पुरते.

संकेतस्थळाच्या नोंदीत दोन गोष्टी जास्तीच्या लागतात, पूर्ण पत्ता आणि पान पाहिल्याची तारीख. छापलेले पुस्तक कपाटात तसेच राहते, पडद्यावरचे पान उद्या बदलू शकते. १९०१ च्या प्रमाण मूल्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेचे पान उपयोगी आहे:

[३] राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था, अमेरिका. प्रमाण गुरुत्व त्वरण. https://physics.nist.gov/cgi-bin/cuu/Value?gn (पाहिल्याची तारीख).

पत्ता संस्थेच्या मुखपृष्ठाचा नसून नेमक्या पानाचा आहे. मुखपृष्ठाचा पत्ता दिला तर वाचणाऱ्याला शेकडो पानांत शोधाशोध करावी लागते. शोधयंत्राचे नाव हा स्रोत नव्हेच. त्याने ज्या पानापर्यंत पोहोचवले ते पान स्रोत असते. विकिपीडियाचा लेख वापरला असेल तर तो कोणीही कधीही बदलू शकतो हे लक्षात घेऊन त्या दिवशीच्या आवृत्तीचा कायमचा दुवा द्यावा. इंग्रजी विकिपीडियावर तो `Permanent link` या नावाने मिळतो. त्याहून बरे म्हणजे लेखाच्या तळाशी असलेल्या मूळ स्रोताकडे जाऊन तो वाचावा आणि मग त्याचीच नोंद करावी.

अनेक शाळांच्या प्रकल्पवह्यांत शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ असे शीर्षक आणि खाली ‘पाठ्यपुस्तक, इंटरनेट, विकिपीडिया’ असे तीन शब्द असतात. मजकुरात एकही आकडा नसल्याने यातल्या कोणत्या वाक्यासाठी कोणता स्रोत, हे कळायला मार्ग नसतो. अशी यादी फार तर वाचनाची आठवण सांगते. संदर्भसूचीतली प्रत्येक नोंद मजकुरातल्या किमान एका कंसाला बांधलेली असते. वाचलेले पण न वापरलेले पुस्तक तिथे येत नाही. ते नोंदवायचेच असेल तर ‘अधिक वाचन’ असे वेगळे शीर्षक करावे आणि त्यातल्या नोंदींना आकडे देऊ नयेत.

कंसातला आकडा दिला म्हणून मजकूर जसाच्या तसा उतरवण्याची मोकळीक मिळत नाही, हेही इथे सांगायला हवे. आकडा ‘ही माहिती तिथली’ एवढे सांगतो. शब्दही तिथलेच असतील तर अवतरणचिन्हे आणि पान क्रमांक दोन्ही हवेत. प्रयोगाच्या अहवालात अवतरणाची वेळ क्वचितच येते. कृती तर विद्यार्थ्याने प्रत्यक्ष केली तशीच, स्वतःच्या शब्दांत आणि भूतकाळात लिहायला हवी: पत्रकात ‘३० दोलने मोजा’ असेल आणि वर्गात वेळ कमी पडल्याने २० मोजली असतील तर अहवालात २० आले पाहिजेत. ‘[२] मधील कृतीप्रमाणे, मात्र ३० ऐवजी २० दोलने मोजली’ हे वाक्य संदर्भही देते आणि बदलही सांगते. पत्रक शब्दशः उतरवणाऱ्याच्या अहवालात न केलेल्या गोष्टी केल्या म्हणून नोंदल्या जातात. ४०.२ सेकंद ३० दोलनांचे म्हणून वाचले गेले तर g चे मूल्य २२ च्या आसपास निघते, आणि घोळ कुठे झाला हे कोणालाच कळत नाही.

लिहिताना आकड्यांचा क्रम बिघडतो, हा या पद्धतीचा खरा त्रास आहे. अहवाल पूर्ण झाल्यावर तत्त्वाच्या भागात एक नवा स्रोत घुसला की त्यापुढचे सगळे आकडे एकाने वाढतात. हाताने लिहिणाऱ्याने कच्च्या मसुद्यात आकडे लिहूच नयेत. [दहावी], [पत्रक], [प्रमाण] अशी छोटी नावे कंसात ठेवावीत आणि पक्की प्रत उतरवताना भेटतील तसे आकडे द्यावेत. संगणकावर `Word` मध्ये सूची आपोआप क्रमांक देणारी करून मजकुरातले आकडे `Cross-reference` या आज्ञेने घातले तर क्रम बदलल्यावर `Ctrl+A` आणि मग `F9` दाबून ते सुधारता येतात. हाताने टंकलेले आकडे मात्र या कळांना दाद देत नाहीत, म्हणून अर्धे असे आणि अर्धे तसे ठेवू नये.

पक्की प्रत देण्याआधीची तपासणी दोन्ही दिशांनी करावी लागते. आधी मजकूर वरून खाली वाचत प्रत्येक कंसाशी थांबायचे आणि सूचीतली ती नोंद उघडून त्या पानावर तो आकडा किंवा ते विधान खरोखर आहे का, ते पाहायचे. पहिल्यांदा येणारे आकडे १, २, ३, ४ असेच चढत गेले पाहिजेत. २ च्या आधी ३ दिसला तर कुठेतरी परिच्छेद हलवलेला आहे. मग सूची खालून वर वाचून प्रत्येक नोंदीचा आकडा मजकुरात शोधायचा. न सापडलेली नोंद एक तर काढून टाकायची किंवा तिचा कंस कुठे राहून गेला ते पाहायचे. लंबकाच्या चार स्रोतांच्या अहवालाला याला दहा मिनिटेही लागत नाहीत. हे काम शेजारच्या बाकावरच्या मित्राकडे दिले तर अधिक चांगले होते, कारण लिहिणाऱ्याला कोणते मूल्य कुठले हे आठवत असते, मित्राला मात्र फक्त कागदावरचा पत्ता दिसतो.

सूचीने स्रोत कुठला ते कळते, स्रोत बरोबर आहे याची हमी मिळत नाही. [३] च्या पानावर ९.८०६६५ आहे, एवढेच तो कंस सिद्ध करतो. मुंबईतल्या प्रयोगशाळेत त्याच मूल्याशी तुलना करणे योग्य होते का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्याने ‘चर्चा’ या भागात स्वतःच्या शब्दांत द्यायचे असते: कोणते मूल्य निवडले, का निवडले आणि दुसरे निवडले असते तर त्रुटी किती आली असती.